राजीनामा मंजूर करा, ठेवी परत करा: पतसंस्थेच्या संचालक मंडळाला एका निवृत्त सभासदाचे खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,
आमची पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्य कार्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. "सेवानिवृत्त व राजीनामा दिलेल्या सभासदांचे भाग व ठेवी निधीच्या उपलब्धतेनुसार टप्प्याटप्प्याने अदा करण्यात येतील. सभासदांनी वारंवार चौकशी करू नये." खाली सचिवांची सही आणि संस्थेचा गोल शिक्का. कोणत्या सभेत ठरले, ठराव क्रमांक काय, टप्पे किती आणि पहिला टप्पा कधी, यातले काहीच नाही. चौकशी करू नये एवढे मात्र स्पष्ट आहे.

माझ्या लेखी अर्जांना आजवर लेखी उत्तर आलेले नाही. काउंटरवर जे तोंडी सांगितले जाते ते दर वेळी वेगळे असते. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपल्या संस्थेतून, आणि दुसऱ्या जिल्ह्यांतल्या अशाच संस्थांतून, पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणाऱ्यांनीही ते वाचावे.

आधी माझ्याविषयी. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक म्हणून लागले आणि 31 मे 2024 रोजी वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. या सगळ्या काळात शाळेची पगारबिले माझ्याच टेबलावर झाली. शालार्थ यायच्या आधी बिल हाताने लिहायचो, तेव्हा भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कराच्या पलीकडे शेवटचा रकाना 'सोसायटी' असा असायचा. दर महिन्याला संस्थेकडून कपातीची यादी यायची, त्यात प्रत्येकाची शेअर्सची रक्कम, कायम ठेव, कर्जाचा हप्ता. सहकार कायद्याच्या कलम 49 प्रमाणे पगार करणाऱ्याने ही कपात करून संस्थेला पाठवायची असते. ती मी एकाही महिन्यात चुकवली नाही, कारण एक दिवस उशीर झाला की संस्थेतून फोन यायचा. आपल्या मंडळातल्या दोघांची पगारबिले मी केलेली आहेत, हे त्यांना आठवत असेल.

माझे येणे असे आहे. शेअर्स 1,45,000 रुपये. पगारातून कापलेली कायम ठेव 2,18,400 रुपये. शिवाय मी स्वतःहून ठेवलेली एक लाखाची मुदत ठेव, जिची मुदत 5 ऑगस्ट 2024 रोजी संपली. एकूण 4,63,400 रुपये. कर्ज माझ्याकडे एक रुपयाचे नाही, शेवटचा हप्ता नोव्हेंबर 2023 च्या पगारातून गेला आणि बेबाकी दाखला माझ्याजवळ आहे. गेल्या पावसाळ्यात घराचा स्लॅब गळू लागला तेव्हा मी बँकेत बांगड्या ठेवून सोनेतारण कर्ज काढले. त्याचे व्याज मी भरते आहे आणि माझे पैसे संस्थेत बिनव्याजी पडून आहेत.

आता मुद्द्यावर येते. सूचनाफलकावर 'भाग व ठेवी' असे एका दमात लिहिले आहे. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. माझ्या 4,63,400 रुपयांत तीन वेगवेगळ्या प्रकारचे पैसे आहेत, आणि तिन्हींचा नियम वेगळा आहे.

सगळ्यात सोपी मुदत ठेव. ती ठेवायला सभासदत्व लागते, पण ती परत मिळायला राजीनामा लागत नाही. उद्या नोकरीतला एखादा शिक्षक मुदत संपलेली पावती घेऊन आला तर आपण त्याला रक्कम देता, रोज देता. मग माझी पावती मागे सारून "तुमचे सगळे एकदमच होईल" असे का सांगितले जाते? सभासदाने कर्ज थकवले तर त्याच्या भागांवर आणि ठेवींवर संस्थेचा बोजा असतो आणि संस्था त्यातून आपले येणे वळते करून घेऊ शकते, हे मला ठाऊक आहे. वळते करायला आधी येणे असावे लागते. माझ्याकडे ते नाही. तेव्हा 5 ऑगस्ट 2024 नंतर ही ठेव अडवायला आपल्याकडे कायद्याचा, नियमाचा किंवा उपविधीचा कोणता आधार आहे, तो लेखी कळवा.

आणि ही गोष्ट छोटी समजू नका. बँकेत ठेव असती तर पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ते बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेत पैसे ठेवणारा माणूस ओळखीच्या भरवशावर ठेवतो. निवृत्तांची मुदत संपलेली ठेव मिळत नाही ही बातमी स्टाफरूममध्ये पोचली की पुढची ठेव कोण ठेवणार, याचा विचार मंडळाने करावा.

दुसरी कायम ठेव. ही मात्र सभासदत्वाला बांधलेली आहे. आपला उपविधी सांगतो की कायम ठेव सभासदत्व संपल्यावर मिळेल. सभासदत्व कधी संपते? कायद्याच्या कलम 25 प्रमाणे राजीनामा दिल्यावर नव्हे, तो मंजूर झाल्यावर. म्हणजे मंडळाने राजीनामा मंजूरच केला नाही, फेटाळलाही नाही, नुसता कपाटात ठेवला, तर कायम ठेव आपोआप अडकते. कुठे नकार द्यावा लागत नाही, ठराव करावा लागत नाही, कोणाची सही लागत नाही. माझ्या मते आपल्या संस्थेत नेमके हेच चालले आहे, आणि निवृत्तांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आले आहे. सगळे जण "पैसे कधी?" असे विचारतात. आधी विचारायला हवे, "राजीनामा कोणत्या सभेत मंजूर झाला?"

राजीनाम्याचा नियम साधा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम 1961 मधला नियम 21 म्हणतो की सभासदाने तीन महिन्यांची सूचना द्यावी. आणि त्याच्याकडचे सगळे येणे फिटल्याशिवाय, तसेच दुसऱ्या कोणाला जामीन असल्यास त्यातून तो मोकळा झाल्याशिवाय, राजीनामा मंजूर करू नये. मी 28 फेब्रुवारी 2024 रोजी, म्हणजे निवृत्तीच्या तीन महिने आधी, सूचना दिली. आवक क्रमांकाची पोच आहे. कर्ज नाही हे वर आलेच. राहिली जामीनकी.

जामीनकीवर थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या निम्म्या लोकांचे घोडे इथेच अडते. पगारदार पतसंस्थेत कर्ज घेताना दोन सहकारी जामीनदार लागतात. एका शाळेत बारा-पंधरा माणसे, त्यामुळे जो तो दुसऱ्याला जामीन असतो. चहा पिता पिता सही होते आणि मग विसरली जाते. मीही आमच्या एका शिक्षकांना जामीन होते. त्यांचे कर्ज आठ लाखांचे, मी निवृत्त झाले तेव्हा बाकी 3,10,000. हप्ता दर महिन्याला पगारातून जातो, एकदाही थकलेला नाही.

जामीनदार निवृत्त होऊन निघून गेला तर संस्थेने वसुली कोणाकडून करायची, हा प्रश्न रास्त आहे आणि नियमही योग्यच आहे. म्हणूनच मी वेळेत तजवीज केली. त्याच शाळेतल्या, अजून चौदा वर्षे सेवा बाकी असलेल्या एका शिक्षिकेने जामीन राहायचे कबूल केले. जामीन बदलीचा छापील अर्ज भरला, कर्जदार, नव्या जामीनदार आणि मी अशा तिघांच्या सह्या, मुख्याध्यापकांचा शिक्का, नव्या जामीनदारांची पगाराची स्लिप, सगळे जोडून 12 मार्च 2024 रोजी दिले. मीच लिपिक, त्यामुळे कागद अपुरे राहण्याचा प्रश्न नव्हता.

त्या अर्जावर मंडळाचा निर्णय आजपर्यंत झालेला नाही. विचारले तर उत्तर येते, "जामीनकी आहे ना तुमची, मग राजीनामा कसा मंजूर होणार?" जामीनकी सुटत नाही कारण मंडळ अर्ज सभेपुढे घेत नाही, आणि राजीनामा मंजूर होत नाही कारण जामीनकी सुटलेली नाही. जामीनदार आपल्या मर्जीने मोकळा होऊ शकत नाही, ज्याने कर्ज दिले त्याने, म्हणजे संस्थेने, मान्यता द्यावी लागते. किल्ली आपल्याच हातात आहे. माझ्या माहितीप्रमाणे या काळात मंडळाच्या सभा नियमित झाल्या आणि प्रत्येक सभेत नवी कर्जे मंजूर झाली. नव्या कर्जदाराच्या जामीनदारांची छाननी करायला ज्या सभेला वेळ आहे, तिला जामीन बदलीचा एक अर्ज बघायला वेळ नाही, हे पटत नाही.

समजा, नव्या जामीनदाराबद्दल मंडळाला काही शंका आहे. तर ती लेखी कळवा, मी दुसरा जामीनदार देते. किंवा त्या कर्जाची आज जेवढी बाकी आहे तेवढीच रक्कम माझ्या येण्यातून राखून ठेवा आणि उरलेली मोकळी करा, मी तसे संमतीपत्र देते. दोन्ही तोडगे मी लेखी सुचवलेले आहेत.

सचिवसाहेबांनी मध्यंतरी आणखी एक कारण सांगितले. "मॅडम, राजीनाम्यानंतर दोन वर्षे रक्कम देता येत नाही, कायद्यात आहे." मी कायदा काढून वाचला. ते कलम 33. त्यात असे आहे की सभासदत्व संपले त्या दिवशी संस्थेची जी देणी होती, त्यांबाबत माजी सभासदाची जबाबदारी पुढे दोन वर्षे राहते. उद्या संस्था अवसायनात गेली तर ज्यांचे पैसे संस्थेकडे अडकले त्यांच्यापुढे माजी सभासदाला "मी तर गेल्याच वर्षी बाहेर पडलो" असे म्हणून हात झटकता येऊ नयेत, यासाठी ते आहे. दोन वर्षे त्याचे पैसे अडवून ठेवा असे त्यात कुठेही नाही. आणि गंमत बघा, ही दोन वर्षे मोजायची सभासदत्व संपल्यापासून. राजीनामा मंजूर न करता तीही आपण सुरू होऊ दिलेली नाहीत.

आता तिसरा प्रकार, शेअर्स. इथे संस्थेची बाजू खरी आहे, ती आधी मांडते, कारण निवृत्त मंडळींपैकी पुष्कळांना ती माहीत नसते आणि मग विनाकारण काउंटरवरच्या मुलांवर आवाज चढतो. भाग ही ठेव नव्हे. ते संस्थेचे भांडवल आहे. कलम 29 च्या पोटकलम 3 प्रमाणे राजीनामा दिलेल्या सभासदांचे भाग संस्था परत घेऊ शकते, पण एका आर्थिक वर्षात अशी एकूण रक्कम आदल्या 31 मार्चच्या वसूल भागभांडवलाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. एकाच वर्षी सगळे बाहेर पडले तर संस्थेचा पायाच उखडला जाईल आणि उरलेल्या ठेवीदारांना वाली राहणार नाही, म्हणून ही मर्यादा. शेअर्सची किंमतही शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून ठरते आणि भरलेल्या रकमेपेक्षा जास्त कधीच मिळत नाही. दर वर्षी नफ्यातला किमान पाव हिस्सा राखीव निधीत जातो. आमच्या व्याजातून उभा राहिलेला तो निधी आम्ही मागे ठेवून जातो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सहकारी संस्थेत ते तसेच असते.

तक्रार हिशेबाची आहे. 2024 च्या जुलैत मला सांगितले, "दहा टक्क्यांचा कोटा संपला." ठीक, थांबले. मग यंदाच्या वार्षिक सभेचा अहवाल हातात आला. (सोबत भेटवस्तू म्हणून स्टीलचा डबाही आला. कार्यरत सभासदांना, मला नाही. माझ्या वाट्याचा अहवाल मी शाळेतून मागून आणला.) अहवालात 31 मार्च 2024 अखेर वसूल भागभांडवल 6 कोटी 40 लाख आहे. त्याचे दहा टक्के 64 लाख. त्याच अहवालाच्या जमाखर्च पत्रकात 2024-25 या वर्षात भागभांडवल खाती नावे पडलेली एकूण रक्कम 41,30,000 आहे. यात कर्जात वळते केलेले भाग आले, जिल्ह्याबाहेर गेलेल्यांचे आले, सगळे आले. तरीही मर्यादेत 22,70,000 रुपयांची जागा शिल्लक होती. माझ्याएवढे शेअर्स असलेल्या पंधरा निवृत्तांचे पैसे त्यात सहज बसले असते.

मग कोटा संपला तो कुठे? पैसे हातात नव्हते, असे म्हणायचे असेल तर तसे सांगा. त्याच वर्षी कर्जमर्यादा वाढवली, मंडळाची निवडणूक जवळ होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हाताशी असलेला पैसा नव्या कर्जांत गेला. कर्जमर्यादा वाढवणे हा मंडळाचा अधिकार आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण रोकड कमी पडली म्हणून थांबवणे आणि कायद्याने बंदी आहे म्हणून थांबवणे यांत फरक आहे. पहिल्याची जबाबदारी मंडळावर येते, दुसऱ्याची कायद्यावर ढकलता येते.

"एकदम इतके राजीनामे आले, आम्ही तरी काय करणार," असेही ऐकले. हे वाक्य निदान शाळेतल्या माणसांनी तरी म्हणू नये. आपल्या पिढीतल्या अर्ध्या लोकांची जन्मतारीख 1 जून आहे. आईवडिलांनी शाळेत नाव घालायला नेले, गुरुजींनी 1 जून टाकली आणि विषय संपला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर वर्षी 31 मे रोजी जिल्हाभर निरोप समारंभांची रांग लागते. संस्थेच्या सभासद नोंदवहीत प्रत्येकाची जन्मतारीख आहे. पुढच्या पाच वर्षांत कोणत्या मे महिन्यात किती जण बाहेर पडणार आणि त्यांचे शेअर्स किती, ही यादी एका दुपारचे काम आहे. मी लिपिक आहे, अनुभवाने सांगते. ती यादी समोर असती तर कोणत्या वर्षी दहा टक्के कमी पडतील हे आधीच कळले असते. त्या वर्षी राजीनामे येतील तसे क्रम लावता आले असते आणि कोणाची रक्कम पुढच्या एप्रिलमध्ये जाईल हे त्याला त्याच्या निरोप समारंभाआधी सांगता आले असते. माणूस थांबतो हो. किती थांबायचे हे मात्र त्याला कळायला हवे.

आणखी एक मार्ग कायद्यातच आहे, तो कोणी वापरत नाही. किमान वर्षभर जवळ असलेले भाग सभासद दुसऱ्या सभासदाला, किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज स्वीकारला आहे त्याला, मंडळाच्या मान्यतेने हस्तांतरित करू शकतो. नव्याने लागलेल्या शिक्षकाला कर्ज घेताना शेअर्स घ्यावेच लागतात. आज आपण त्याच्या कर्जातून शेअर्सची रक्कम कापून नवे भाग देता, आणि निवृत्ताचे जुने भाग तसेच पडून राहतात. नव्याने जुन्याचे भाग घेतले, तर पैसे एकाकडून दुसऱ्याकडे जातील, संस्थेच्या भांडवलातून एक रुपया बाहेर जाणार नाही आणि दहा टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्नच येणार नाही. संस्थेला नव्या भांडवलाची गरज असते हे मान्य आहे, म्हणून सगळेच भाग असे फिरवा असे मी म्हणत नाही. ज्या वर्षी मर्यादा खरोखरच भरली असेल, त्या वर्षी रांगेत राहिलेल्यांसाठी तरी ही वाट उघडा.

या सगळ्यात आज माझी जागा कुठली, हे मला समजेनासे झाले आहे. मी सभासद आहे असे म्हणावे, तर 1 जून 2024 पासून माझ्या कायम ठेवीवरचे व्याज बंद केले आहे, "राजीनामा दिल्यानंतर व्याज नाही" या कारणाने. त्याच कारणाने गेल्या वर्षीचा लाभांश जमा झाला नाही आणि वार्षिक सभेची नोटीसही आली नाही. मी सभासद नाही असे म्हणावे, तर राजीनामा मंजूर नसल्याने पैसे मिळत नाहीत. दोन्हींतले एक ठरवा. राजीनामा मंजूर नसेल तर मी पूर्ण सभासद आहे, मला व्याज, लाभांश, नोटीस आणि मत हे सगळे मिळाले पाहिजे. मंजूर असेल तर माझी ठेव हे संस्थेचे देणे आहे आणि ते देय झालेले आहे.

व्याजाचा आकडा छोटा आहे, तरी सांगते. कायम ठेवीवर सात टक्के दराने वर्षाला 15,288 रुपये होतात. मुदत संपल्यापासून त्या एक लाखावर तर काहीच नाही. माझे हे 3,18,400 रुपये संस्थेने दहा टक्के दराने कर्जाऊ दिले असतील तर वर्षाला 31,840 रुपये संस्थेकडे येतात. म्हणजे माझी रक्कम परत करायला जेवढा उशीर, तेवढा संस्थेला फायदा. अशा परिस्थितीत 'निधीच्या उपलब्धतेनुसार' या शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा?

माझ्या मागण्या अशा:

मंडळाच्या पुढच्याच सभेत माझा जामीन बदलीचा अर्ज आणि राजीनामा विषयपत्रिकेवर घ्यावा. मंजूर असेल तर ठरावाची प्रत द्यावी, नामंजूर असेल तर कारणासह द्यावी.

मुदत संपलेली एक लाखाची ठेव लगेच द्यावी. राजीनामा मंजूर होताच कायम ठेवही द्यावी. दोन्हींवर रक्कम हातात पडेपर्यंतचे व्याज द्यावे. फक्त माझे नव्हे, ज्यांच्या ज्यांच्या ठेवी 'भाग व ठेवी' या एका ओळीत अडकल्या आहेत, त्या सगळ्यांचे.

शेअर्स परत करण्याची क्रमवारी राजीनाम्याच्या तारखेप्रमाणे लावावी आणि ती सूचनाफलकावर लावावी. नावे नकोत, आवक क्रमांक, तारीख आणि रक्कम पुरे. शेजारी त्या वर्षाची दहा टक्क्यांची रक्कम आणि आजपर्यंत दिलेली रक्कम लिहावी. मग कोणी वारंवार चौकशी करणार नाही, सूचना लावायची गरजच उरणार नाही.

2024-25 मधील 22,70,000 रुपयांच्या शिलकीबाबत खुलासा करावा. कलम 32 प्रमाणे सभासदाला मंडळाच्या सभांची इतिवृत्ते आणि आपल्या व्यवहारापुरत्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. आपल्या मते मी अजून सभासद आहे, तेव्हा जानेवारी 2024 पासूनची इतिवृत्ते पाहण्यासाठी मी अर्ज देत आहे. नकलांची फी भरायला तयार आहे.

शेवटची मागणी भाग हस्तांतराची. त्याची पद्धत ठरवून छापील अर्ज उपलब्ध करावा.

31 डिसेंबर 2025 पर्यंत लेखी उत्तर आले नाही तर या पत्राची प्रत, सोबत पोच, बेबाकी दाखला आणि अहवालाची दोन पाने जोडून जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार देईन. भागांच्या वादासाठी कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. ठेवींसाठी मी ग्राहक आयोगाकडे जाईन. सभासद असला तरी सहकारी संस्थेविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या थिरुमुरुगन सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणात वीस वर्षांपूर्वीच स्पष्ट केले आहे. कोर्टकचेरीची मला हौस नाही आणि संस्थेची बदनामी करायची नाही. माझ्या मुलाचे शिक्षण याच संस्थेच्या कर्जावर झाले.

ज्या निवृत्तांचे असेच अडकले आहे त्यांनी कृपा करून आधी आपली पोच शोधावी. पोच नसेल तर नव्याने अर्ज द्यावा, त्यात राजीनामा, मुदत ठेव, कायम ठेव आणि शेअर्स या चार गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात, आणि आपण कोणाला जामीन आहोत का हे संस्थेकडून लेखी घ्यावे. जे पुढच्या 31 मे रोजी निवृत्त होणार आहेत त्यांची तीन महिन्यांची सूचना फेब्रुवारी संपायच्या आत जायला हवी.

नाव इथे छापत नाही. 28 फेब्रुवारी आणि 12 मार्च 2024 च्या आवक नोंदीत ते आहे.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, सभासद (राजीनामा प्रलंबित)